३१ मार्चचा ताळेबंद आणि आंब्याचे पैसे

विकास सोसायटीच्या वार्षिक सभेत चेअरमनने करायचे भाषण सचिवाकडे तयारच असते. मागच्या वर्षीचा कागद काढायचा, आकडे बदलायचे, दिवंगत सभासदांची नावे बदलायची आणि आभाराच्या परिच्छेदात बँकेच्या नव्या अधिकाऱ्याचे नाव घालायचे. रत्नागिरी तालुक्यात किनाऱ्याकडच्या आमच्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीची मी चेअरमन झाले, तेव्हा असाच कागद माझ्याही हाती आला. भाषा स्वच्छ होती, एकही आकडा खोटा नव्हता. तरीही तो वाचून आमच्या गावात गेल्या वर्षी काय घडले, ते कुणाला कळले नसते. नंतरची सगळी वर्षे मी हे भाषण स्वतः लिहिले, आणि त्यातला बराचसा वेळ एकाच गोष्टीत गेला. ताळेबंदाचे वर्ष मार्चअखेर संपते आणि आमचा आंबा त्यानंतर खरा हातात येतो. या दोन तारखांमध्ये जे अडकून पडते, ते औपचारिक शब्दांत सभेपुढे कसे मांडायचे, हा माझा प्रश्न होता.

आमचे बहुतेक कर्जदार हापूसवाले आहेत. पावसाळ्यात झाडांना कल्टार घालण्यापासून त्यांचा खर्च सुरू होतो. थंडीत मोहर आला की फवारण्या, मग राखणदाराचा पगार, काढणीची मजुरी, पेट्या, गवत, टेम्पोचे भाडे. मार्चमध्ये थोडा आंबा वाशीला जातो, पण मोठा माल एप्रिल-मेमध्ये निघतो आणि त्याची पट्टी त्यानंतर येते. म्हणजे ३१ मार्चला बागायतदाराचा खर्च सर्वांत जास्त झालेला असतो आणि मिळकत सर्वांत कमी. नेमक्या त्याच दिवशीचे त्याचे चित्र ताळेबंदात कायमचे उमटते. भाताच्या गावातली सोसायटी आणि आंब्याच्या गावातली सोसायटी यांचे ताळेबंद एकाच नमुन्यात छापले जातात, पण दोन्ही एकाच पद्धतीने वाचता येत नाहीत.

सभा सप्टेंबरात होते. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ती घ्यावी लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधल्या कलम ७५ चे ते बंधन आहे. चौदा दिवस आधी नोटीस, तिच्यासोबत अहवाल, ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक. आम्ही गणपतीनंतर लगेचचा रविवार धरतो. मुंबईहून आलेले चाकरमानी तोपर्यंत गावात असतात आणि हळव्या भाताची कापणी लागलेली नसते. चाकरमानी असणे आमच्याकडे फार महत्त्वाचे, कारण अर्ध्याअधिक सातबाऱ्यांवर भावांची, चुलत्यांची नावे सामाईक आहेत. बाग एक जण करतो, पण कर्ज काढायचे तर बाकीच्यांच्या सह्या लागतात.

भाषणाची सुरुवात श्रद्धांजलीने होते. सभा उभी राहते, नावे वाचली जातात, दोन मिनिटे स्तब्धता. पहिल्या वर्षी ती यादी लिहिताना मी कर्ज खतावणी समोर ठेवली होती. यादीतल्या काही नावांवर येणे बाकी होती, जमिनीवर सोसायटीचा बोजा होता आणि वारसनोंद व्हायची होती. तेव्हापासून मी श्रद्धांजलीत फक्त माणसाविषयी बोलते आणि पुढे कर्जाच्या भागात, नाव न घेता, एक वाक्य न चुकता ठेवते: ‘दिवंगत सभासदांच्या कुटुंबीयांनी वारसनोंदीची कागदपत्रे सचिवांकडे द्यावीत, म्हणजे शेअर्सची रक्कम व कर्जखाते यांचा निर्णय कुटुंबाच्या सोयीने करता येईल.’ सभा संपल्यावर कुणाचा तरी मुलगा सचिवाच्या टेबलाशी येऊन उभा राहतो. हे काम पत्र पाठवून वर्षभरात झाले नसते.

यानंतर वसुली. छापील अहवालात ती एका ओळीत असते: एवढी मागणी, एवढी वसुली, टक्केवारी अमुक. सभेला समजावताना मी गोल आकडे घेते. समजा मार्चअखेर शंभर रुपये वसूल व्हायला हवे होते आणि नव्वद झाले. नव्वद टक्के वसुली म्हणजे कोणत्याही व्यासपीठावर अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. पण मार्चमध्ये आंब्याचे पैसे आलेलेच नसतील, तर हे नव्वद रुपये आले कुठून?

उत्तर गावात प्रत्येकाला ठाऊक असते. त्याला नवे-जुने म्हणतात. सभासद मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुणाकडून तरी हातउसने घेतो आणि सोसायटीत भरतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याला तेवढेच नवे कर्ज मंजूर होते आणि तो उसने फेडून टाकतो. कागदावर जुने कर्ज मुदतीत फिटलेले असते आणि नवे सुरू झालेले असते. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळते. एक दिवस उशीर झाला तर ही सवलत जाते. म्हणून माणूस धडपडतो, आणि त्याने तसे करण्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. अडचण अशी की एकदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कर्ज उचलले की त्याची वर्षाची मुदत पुन्हा मार्चअखेरच भरते. आंबा दरवर्षी महिना-दीड महिना मागे राहतो आणि मुदत कधीच त्याच्या जवळ येत नाही.

ते उसने पैसे बहुतेक वेळा वाशीच्या दलालाची उचल असते. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर जातो. दहा दिवसांसाठी घेतलेल्या पैशांची किंमत सभासद पुढचे दोन महिने भावात मोजतो. सोसायटीच्या कोणत्याही पत्रकात ही रक्कम दिसत नाही, कारण ती सोसायटीचा खर्च नाही.

ही गोष्ट वसुलीच्या आकड्यातून वेगळी काढता येते. सचिवाबरोबर बसून मी खतावणीतले एकेक खाते पाहिले. भरणा मार्चच्या शेवटच्या दिवसांतला, नवी उचल एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातली आणि रक्कम जवळपास सारखी, अशा खात्यांवर पेन्सिलने खूण केली. भरणा हप्त्याहप्त्याने झालेला, किंवा नवी उचल पावसाळ्यात घेतलेली, ती खाती बाजूला काढली. कामाला दोन संध्याकाळी पुरतात. खुणेची खाती किती निघाली ते पाहून सचिव म्हणाले, “वहिनी, हे आपल्याला माहीत आहे. पण भाषणात कशाला?” समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे अधिक वजनाचे होते. असे सांगितले तर बँकेपुढे आपल्याच संस्थेची वसुली कच्ची ठरेल, असे ते म्हणाले. मी त्यांना एवढेच म्हटले की, बँकेच्या निरीक्षकाकडे याच तारखा आहेत; माहीत नाही ते फक्त सभेला, आणि सभासदाला वाटते की असे करणारा तो एकटाच.

मग वाक्य कसे लिहायचे, यावर आम्ही बराच वेळ घालवला. औपचारिक भाषेचा मला इथे फार उपयोग झाला. बोलीत सांगितले असते तर ते कुणाकडे तरी बोट दाखवल्यासारखे झाले असते. शेवटी मी असे वाचले: ‘अहवाल वर्षातील वसुली मागणीच्या प्रमाणात समाधानकारक आहे. तथापि तिचा मोठा भाग मार्चअखेर भरणा व एप्रिलमध्ये नूतनीकरण या मार्गाने आलेला आहे, याकडे सभेचे लक्ष वेधणे मी माझे कर्तव्य समजते. आंबा पिकाच्या विक्रीतून प्रत्यक्ष झालेली वसुली वेगळी दाखवणारे पत्रक सोबत जोडले आहे.’ या वाक्यात कुणाचे नाव नाही, कुणाला दोष नाही, आणि सगळे काही आहे. मागच्या रांगेतून एक म्हातारे सभासद उठले आणि त्यांनी विचारले, “मग आमची मुदत मे-जूनला नेता येणार नाही का?” सभेतून आलेला हा पहिला योग्य प्रश्न होता. त्यावर ठराव झाला. ज्यांना शक्य आहे त्यांनी एक वर्ष नवी उचल एप्रिलऐवजी जूनमध्ये घ्यावी, म्हणजे पुढच्या वर्षीची मुदत आंब्याच्या पैशांपाशी येईल. ते प्रत्येकाला जमत नाही, कारण दोन महिने कळ काढायला हातात पैसा लागतो. ज्यांना जमले त्यांची खाती पुढच्या वर्षी पेन्सिलच्या खुणेतून सुटली.

कोरोनाच्या वर्षी हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसली. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागलेली, हातउसने द्यायला कोणी नाही, बँकेत जाणे अवघड. केंद्राने पीक कर्जाच्या परतफेडीची मुदत आधी ३१ मे आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. आमची मार्चअखेरची वसुली कागदावर कोसळली. तोवर आंबा मात्र तयार झाला होता. वाशीचा भरवसा नसल्याने बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांकडून थेट मागणी घेतली. एसटीच्या मालवाहतुकीतूनही आंब्याच्या पेट्या गेल्या. मे-जूनमध्ये सोसायटीत जे पैसे भरले गेले ते खरोखर आंब्याचे होते. सभेची मुदतही त्या वर्षी सरकारने वाढवली होती. सभा झाली तेव्हा मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी वाचले, मार्चअखेरचा आणि ऑगस्टअखेरचा, आणि म्हटले की गेल्या अनेक वर्षांतली ही सर्वांत प्रामाणिक वसुली आहे. लेखापरीक्षकांना मार्चचाच आकडा धरावा लागतो. त्यांचे ते बरोबर आहे. पण सभासदांना दोन्ही ठाऊक असायला हवेत.

येणे बाकी आणि थकबाकी यांतला फरकही दरवर्षी नव्याने सांगावा लागतो. येणे बाकी म्हणजे सभासदांकडे असलेले सगळे कर्ज. थकबाकी म्हणजे त्यातले मुदत उलटून गेलेले. आमची येणे बाकी डोंगराएवढी दिसते आणि लोक घाबरतात. घाबरायचे ते थकबाकीला, आणि तीही का कमी झाली ते विचारल्याशिवाय समाधान मानायचे नाही. अवकाळी पाऊस किंवा वादळानंतर पीक कर्जाचे रूपांतर होऊन त्याचे हप्ते पाडले जातात, तेव्हा थकबाकी एका दिवसात खाली येते. सोसायटीत मात्र एक रुपयाही आलेला नसतो.

आता नफ्याकडे येते, कारण सभेतला सर्वांत तीव्र प्रश्न तिथेच आला होता. एका वर्षी नफा-तोटा पत्रकात नफा होता आणि त्याच महिन्यात बँकेचे कडक पत्रही आले होते. एका सभासदाने विचारले, “वहिनी, नफा झालाय म्हणता, मग बँक पत्र कशाला पाठवते?” याचे उत्तर ‘अनिष्ट तफावत’ या दोन शब्दांत आहे. विकास सोसायट्या ज्याने आतून पोखरल्या जातात ते हेच, आणि चेअरमनच्या भाषणात ते क्वचितच येते.

सोसायटी जिल्हा बँकेकडून कर्ज घेते आणि सभासदांना देते. समजा बँकेकडून एक कोटी घेतले आणि सभासदांना एक कोटी वाटले. सभासदांनी वीस लाख परत भरले. हे वीसच्या वीस लाख बँकेत जायला हवेत. पण मधल्या काळात पगार थकलेला आहे, खताच्या मालात पैसे अडकलेत, गोदामाचे छप्पर उडालेय, म्हणून दोन लाख तिकडे वापरले गेले आणि बँकेत अठरा लाखच गेले. आता सभासदांकडून येणे ऐंशी लाख आणि बँकेचे देणे ब्याऐंशी लाख. गावातल्या शेवटच्या माणसाने शेवटचा रुपया भरला तरी दोन लाख कुठून द्यायचे, याला उत्तर नाही. त्या दोन लाखांवर बँकेचे व्याज चालू राहते आणि ते भरणारा कर्जदारच अस्तित्वात नसतो. भरलेली रक्कम बँक आधी व्याजात वळती करून घेते, त्यामुळे मुद्दल हलत नाही आणि दरी वर्षागणिक रुंदावते.

हे ओळखणे सोपे आहे. ताळेबंदाच्या येणे बाजूचा सभासद कर्जाचा आकडा आणि देणे बाजूचा बँक कर्जाचा आकडा एका ओळीत लिहायचे. पहिला मोठा असेल तर संस्थेचा स्वतःचा पैसाही कर्जात आहे, ते चांगले. दुसरा मोठा असेल तर तफावत आहे. छापील ताळेबंदात हे दोन आकडे समोरासमोरच्या रकान्यांत, पण वेगवेगळ्या उंचीवर असतात आणि मध्ये राखीव निधी, ठेवी, इमारत, फर्निचर असे बरेच काही येते, म्हणून नजरेला ते एकत्र येत नाहीत. मी भाषणात ते एकापाठोपाठ वाचते, कोणतीही टिप्पणी न करता, आणि लगेच गेल्या वर्षीचे तेच दोन आकडे वाचते.

तफावत असतानाही नफा कसा दिसतो? कारण सभासदाकडे चढलेले व्याज सोसायटी उत्पन्न म्हणून जमा धरते. ते हातात आलेले नसते. थकीत कर्जावरच्या अशा व्याजाची तरतूद करून मगच नफा काढायचा, हा नियम आहे, आणि लेखापरीक्षक तो पाळायला लावतात. म्हणून मी नफा सांगण्याआधी तरतुदीचा आकडा सांगते. ज्या वर्षी तरतूद पूर्ण झाली त्या वर्षी आमचा नफा खूप आटला. सभेत कुरकुर झाली. मी लेखापरीक्षण अहवालातला शेरा जसाच्या तसा वाचून दाखवला आणि पाठोपाठ समितीने दिलेला दोष दुरुस्ती अहवालही. हे दोन्ही सभेपुढे ठेवायचे असतात. ‘लेखापरीक्षणाचा अहवाल सभेपुढे ठेवण्यात आला’ असे म्हणून पुढे जाण्याची पद्धत मला पटत नाही. शेरे दहा असतील तर दहाही वाचावेत.

नफा वाटणीला कायद्याची चौकट आहे. निव्वळ नफ्याचा किमान एक चतुर्थांश भाग राखीव निधीला जातो आणि लाभांश पंधरा टक्क्यांच्या वर देता येत नाही. पुन्हा गोल आकडे घेते. चार लाख नफा असेल तर एक लाख राखीव निधीला. भाग भांडवल वीस लाख आणि लाभांश आठ टक्के धरला तर एक लाख साठ हजार तिकडे. उरलेल्या एक लाख चाळीस हजारांतून शिक्षण निधी, इमारत निधी, बुडीत कर्ज निधी. आमच्याकडे लाभांशाची रक्कम माणशी पाहिली तर फार थोडी होते. तरी तो जाहीर झाला की टाळ्या पडतात, कारण सोसायटी चालू असल्याची ती गावाच्या दृष्टीने खूण आहे. म्हणूनच लाभांश न देण्याची शिफारस करणे अवघड जाते. तफावत दिसली त्या वर्षी समितीने लाभांशाची रक्कम बुडीत कर्ज निधीकडे वळवण्याची शिफारस केली आणि ती मी भाषणात कारणासह मांडली. चर्चा लांबली. ज्यांचे कर्ज मुळीच नव्हते, केवळ शेअर्स होते, त्यांचा विरोध होता आणि त्यांची बाजू खोटी नव्हती. आपण वेळेवर वागून दुसऱ्याच्या थकबाकीची किंमत का मोजावी, हे त्यांनी सरळ विचारले. सोसायटी बुडाली तर शेअर्सची मूळ रक्कमच जाईल, याशिवाय माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी निम्मा लाभांश द्यावा आणि निम्मा निधीला जावा, अशी दुरुस्ती सभेतूनच आली आणि तिच्यासह ठराव मंजूर झाला.

आभाराच्या भागाबद्दल माझे मत ठाम आहे. ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ असे म्हटले की आभार कुणापर्यंत पोचत नाहीत. आभार मानायचे तर कामाचा उल्लेख हवा. बँकेच्या निरीक्षकांचे आभार यासाठी, की नूतनीकरणाची मुदत जूनकडे नेण्याचे अर्ज त्यांनी एकेक तपासून घेतले. लेखापरीक्षकांचे यासाठी, की तरतुदीचा हिशोब त्यांनी समितीला समोर बसवून समजावला. शिपायाचे यासाठी, की पावसाळ्यात वाड्यावाड्यांतून जाऊन त्याने नोटिसा सहीनिशी पोचवल्या. त्या वेळेत पोचल्या नसत्या तर सभाच बेकायदा ठरू शकली असती. गटसचिवाचे आभार सर्वांत शेवटी येतात आणि ते सर्वांत लांब असतात. एका माणसाकडे कधी कधी दोन-तीन सोसायट्यांची दप्तरे असतात आणि मार्चअखेर तो सगळीकडे एकाच वेळी हवा असतो. त्याचा पगार थकला की पहिला हात कुठे जातो, हे तफावतीच्या उदाहरणात आलेच आहे. म्हणून आभारानंतर मी अंदाजपत्रकातली त्याच्या पगाराची तरतूद वाचते आणि त्या रकमेसाठी वसुलीतला पैसा वापरला जाणार नाही, असे सभेसमोर सांगते. ते वाक्य इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्यावे, असा माझा आग्रह असतो, आणि पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचले जाते तेव्हा ते पुन्हा सगळ्यांच्या कानावर पडते.